परिचयाच्या परिच्छेदात ‘शांत’, ‘काळजी घेणारा’ आणि ‘कुटुंबवत्सल’ यांना पर्यायी शब्द हवे आहेत

अनुजा_लिहिते

माझ्या धाकट्या भावासाठी स्थळे पाहणे सुरू झाले आहे आणि परिचयपत्रातील ‘माझ्याविषयी’ हा परिच्छेद लिहिण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले आहे. शिक्षण, नोकरी, उंची इत्यादी रकाने भरून झाले. अडले आहे ते स्वभावाच्या वर्णनावर. माझा पहिला मसुदा असा आहे :

‘मी शांत, संयमी आणि समंजस स्वभावाचा आहे. मी प्रेमळ आणि इतरांची काळजी घेणारा असून कुटुंबाला सर्वोच्च प्राधान्य देतो. माझ्या आयुष्यात कुटुंबीयांना विशेष स्थान आहे. मी नेहमी सर्वांना समजून घेतो आणि कधीही कोणाचे मन दुखावत नाही. मला शांत, समजूतदार आणि कुटुंबाची काळजी घेणारी जोडीदार हवी आहे.’

यातील एकही गोष्ट खोटी नाही, तरीही हा परिच्छेद वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलेल्या भाषणासारखा वाटतो. पाच वाक्यांत ‘शांत’ दोनदा, ‘काळजी’ दोनदा आणि ‘कुटुंब’ तीनदा आले आहे. या तिन्ही अर्थांचे असे वेगवेगळे शब्द सुचवाल का, जे वापरले तर पुनरुक्ती टळेल आणि वाक्ये घोकल्यासारखी वाटणार नाहीत?

शब्दवेल्हाळ

एकच शब्द लागोपाठच्या वाक्यांत आला की वाचणारा कंटाळतो, हे तुमचे निरीक्षण योग्य आहे आणि मराठीत पर्यायांची वानवा नाही. ‘शांत’साठी सौम्य, मवाळ, धीरगंभीर, निवांत, सोशिक हे शब्द घेता येतील. ‘काळजी घेणारा’ याऐवजी कनवाळू, मायाळू, दयाळू किंवा हळवा असे लिहिता येईल. ‘कुटुंबाला प्राधान्य’ या ठरीव शब्दांऐवजी कुटुंबवत्सल, घरगुती, संसारी यांपैकी एखादा शब्द चालेल. प्रत्येक वाक्यात यांतील वेगळा शब्द योजला, तर परिच्छेद आपोआप नटेल.

कानामात्रा

एका वधू-वर सूचक मंडळासाठी परिचयपत्रांची भाषा तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शब्दवेल्हाळ यांच्या यादीतील शब्द कोशात एकमेकांच्या जवळ बसत असले, तरी स्थळ पाहणारी व्यक्ती त्यांतून अगदी वेगवेगळी माणसे डोळ्यांपुढे आणते.

‘शांत’ हाच शब्द घ्या. त्यातून दोन माणसे निघतात, एक न रागावणारा आणि दुसरा न बोलणारा, आणि वाचणाऱ्याला यांतील कोणता ते कळत नाही. ‘संयमी’ म्हटले की राग येतो, पण आवरता येतो, असा अर्थ होतो. तो खरा असेल तर शब्द उत्तम आहे. ‘सोशिक’ म्हटले की या माणसाने काही सोसले आहे आणि तो ते अजून सोसत असावा, असे वाटते. ‘मवाळ’ वाचणाऱ्याला हा घरात स्वतःचे मत मांडू शकेल का, अशी शंका येते. ‘निवांत’ माणूस वेळेवर बिल भरेल का, असाही प्रश्न मनात येऊन जातो. तेव्हा यांतील कोणताही शब्द केवळ बदल म्हणून घेऊ नये. अर्थ जुळत असेल तरच घ्यावा.

काळजीच्या शब्दांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे कोण कोणाची काळजी घेतो. ‘दयाळू’ आणि ‘कनवाळू’ हे शब्द वरून खाली जातात. दीनदुबळ्यांविषयी ते शोभतात, पण जोडीदाराच्या संदर्भात ते वाचले की तिच्यावर कोणी उपकार करणार आहे असे वाटते. ‘मायाळू’ हा शब्द आपण आजीविषयी किंवा एखाद्या मावशीविषयी सहज वापरतो, मात्र तिशीतला मुलगा स्वतःला मायाळू म्हणू लागला तर हसू येते. ‘हळवा’ हा चांगला शब्द आहे, पण त्याचा अर्थ लवकर दुखावणारा असा होतो, दुसऱ्याची काळजी घेणारा असा नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रेमळ, मनमिळाऊ, नम्र, सज्जन हे शब्द दुसऱ्याने आपल्याविषयी बोलायचे आहेत. आईने ‘आमचा मुलगा प्रेमळ आहे’ असे लिहिले तर ते स्वाभाविक वाटते, कारण त्यात तिचे मत आहे. मुलाने ‘मी प्रेमळ आहे’ असे लिहिले की तेच वाक्य जाहिरातीचे होते. म्हणून परिच्छेद कोणाच्या तोंडी आहे ते आधी ठरवा. निम्मे शब्द त्या निर्णयानेच गळून पडतील. तुमचा मसुदा ‘मी’च्या तोंडी आहे, पण शब्दसंपदा मात्र पालकांची आहे. घोकलेपणा मला तरी तिथून आलेला दिसतो, पुनरुक्तीतून नव्हे.

प्रवासी_खिडकीकडचा

माझ्या मते स्वभावाच्या आधी उंची, शिक्षण आणि नोकरीचे स्वरूप यांचा क्रम नीट लावावा, कारण लोक तेच प्रथम पाहतात. छायाचित्रही अलीकडचे आणि समोरून काढलेले असावे. आमच्या घरी दोन छायाचित्रे जोडली होती आणि त्याचा उपयोग झाला.

अनुजा_लिहिते

प्रवासी, आपले आभार; मात्र ते रकाने आधीच भरून झाले आहेत, प्रश्न फक्त या परिच्छेदाच्या भाषेचा आहे. कानामात्रा, परिच्छेद भावाच्याच तोंडी ठेवायचा आहे. पण ‘प्रेमळ’, ‘काळजी घेणारा’ आणि ‘समंजस’ हे सगळेच काढून टाकले, तर त्याचा स्वभाव सांगायचा तरी कसा?

मुक्ता_क

मी सध्या या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे असे परिच्छेद रोज वाचते, म्हणून वाचणारीच्या मनात काय येते ते सांगते. ‘शांत स्वभाव’ वाचून मी एका मुलाला भेटले होते. तासाभरात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही आणि माझ्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘ठीक आहे’ यापलीकडे उत्तर दिले नाही. तो खोटे बोलला नव्हता. त्याच्या घरी न बोलण्यालाच शांतपणा म्हणत असावेत.

‘कुटुंबवत्सल’ आणि ‘कुटुंबाला सर्वोच्च प्राधान्य’ या शब्दांविषयी मला अधिक सांगायचे आहे. लिहिणाऱ्याला वाटते की आपण एक गुण सांगतो आहोत, पण वाचणारीला त्यात एक अट दिसते. यातील कुटुंब म्हणजे नेमके कोण, लग्नानंतर मी त्या कुटुंबात मोजली जाणार की त्या कुटुंबासाठी राबणार, आणि हे प्राधान्य तो स्वतः देणार की मी द्यावे अशी त्याची अपेक्षा आहे, हे प्रश्न लगेच उभे राहतात. त्यातच अनुजाताईंच्या मसुद्यात शेवटी ‘कुटुंबाची काळजी घेणारी जोडीदार हवी’ असे आहे, त्यामुळे माझ्यासारखीचा संशय पक्का होतो. ‘समजूतदार’ हा शब्दही मुलीकडून अपेक्षा म्हणून आला की त्याचा अर्थ बहुधा ‘तडजोड करणारी’ असाच घेतला जातो. भावाच्या मनात तसे नसेल, हे मी मान्य करते.

कानामात्रा

मुक्ता यांनी नेमके बोट ठेवले आहे. ‘वत्सल’ हा शब्दच वडीलधाऱ्याच्या धाकट्यांवरील मायेचा आहे. बायकोमुलांत रमलेल्या संसारी माणसाला ‘कुटुंबवत्सल’ म्हणणे शोभते, अविवाहित मुलाच्या बाबतीत मात्र तो शब्द आई-वडिलांकडे वळतो आणि वाचणारीला वेगळेच ऐकू येते. ‘घरगुती’चीही तीच गत आहे : मुलाविषयी वापरला की घराबाहेर न पडणारा असा अर्थ लागतो आणि मुलीविषयी वापरला की तिने नोकरी करू नये असा.

अनुजाताई, स्वभाव सांगायचा कसा, या तुमच्या प्रश्नावर मी मंडळात जे करत असे तेच सांगतो. विशेषणे मसुद्यात तशीच राहू द्यावीत, पण प्रत्येकापुढे ‘असे तुम्हाला कोणत्या प्रसंगावरून वाटले?’ हा प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर बोलताना सांगतो तशा भाषेत द्यावे. ज्या विशेषणाला उत्तर सापडत नाही, ते खोडावे. भाऊ शांत आहे असे तुम्हाला का वाटते? राग आल्यावर तो नेमके काय करतो? घरातल्या कोणासाठी त्याने न सांगता काय केले? उत्तरे इथे लिहा, त्यांतून मसुदा करता येईल.

अनुजा_लिहिते

राग आला की तो गप्प होतो, त्या वेळी उत्तर देत नाही आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून तो विषय काढतो. लहानपणी याचा मला फार राग येत असे, कारण मला भांडण त्याच दिवशी संपवायचे असे.

काळजीविषयी सांगायचे तर गेल्या वर्षी वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वेगवेगळे थेंब दिवसातून वेगवेगळ्या वेळी घालायचे होते. त्याने एका कागदावर तक्ता केला, तो वडिलांच्या पलंगाजवळ भिंतीवर चिकटवला, आणि प्रत्येक वेळी थेंब घातल्यावर त्यात खूण करायची असा नियम घातला. रात्रीचे थेंब त्याच्याकडे होते.

घरच्यांविषयी काय लिहावे ते मला सुचत नाही. माझा मुलगा गणितात अडला की मला विचारण्याऐवजी मामालाच फोन करतो, आणि गणित संपल्यावरही त्यांचे बोलणे बराच वेळ चालू असते. एरवी फोनवर दोन वाक्यांपलीकडे न जाणारा माझा भाऊ तिथे मात्र भरपूर बोलतो.

कानामात्रा

हे साहित्य पुरेसे आहे. मी एक मसुदा करून पाहतो :

‘मी कमी बोलणाऱ्यांपैकी आहे, पण समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतो. राग आला तर त्याच क्षणी उत्तर देत नाही. थोडा वेळ जाऊ देतो आणि दुसऱ्या दिवशी तो विषय मीच काढतो. वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर थेंबांच्या वेळांचा तक्ता मी भिंतीवर लावला होता आणि रात्रीचे थेंब माझ्याकडे होते. भाच्याचे गणित अडले की मला फोन येतो, आणि त्या फोनवर मी एरवीपेक्षा बरेच जास्त बोलतो.’

यात शांत, काळजी घेणारा आणि कुटुंबवत्सल या तिन्हींपैकी एकही शब्द आलेला नाही, तरी तिन्ही अर्थ पोहोचतात. ‘शांत’मधला संदिग्धपणाही गेला : हा कमी बोलतो हे कळले आणि राग आल्यावर काय करतो हेही कळले. वाक्यांचे शेवट पाहा. तुमच्या पहिल्या मसुद्यात ‘आहे’, ‘देतो’, ‘आहे’, ‘नाही’, ‘आहे’ असा एक ठेका होता आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य एक गुण सांगून थांबत होते. इथे वाक्ये लहान-मोठी आहेत आणि प्रत्येकात काहीतरी घडते.

‘नेहमी’, ‘कधीही’, ‘सर्वांना’, ‘सर्वोच्च’ हे शब्दही मी मुद्दाम टाळले आहेत. ‘मी कधीही कोणाचे मन दुखावत नाही’ हे वाक्य वाचून वाचणारा लगेच अपवाद शोधू लागतो. ‘सहसा’ किंवा ‘शक्यतो’ घातले की तेच विधान माणसाच्या तोंडचे वाटते. अर्थात ‘सहसा’ही दर वाक्यात आला तर तोही घोकलेलाच.

तिरकस

मला हे सगळे फार सोयीचे वाटते. उद्या प्रत्येक जण एकेक प्रसंग लिहू लागेल आणि सगळ्यांच्याच वडिलांच्या डोळ्यांत थेंब पडू लागतील. मग हाही साचा होईल. शिवाय थेंबांचे वाक्य वाचताना मला परिचारिकेच्या नोकरीसाठी केलेला अर्ज आठवतो. वडिलांची काळजी घेतली, तर ती जाहीर करण्याची गरज काय? दुसरे असे की राग आल्यावर गप्प बसण्याची सवय लिहून आपणच आपला दोष का दाखवायचा? अबोला धरणारा नवरा कोणाला हवा असतो?

मुक्ता_क

तिरकस यांचे थेंबांविषयीचे म्हणणे मला पटते. तो प्रसंग बहिणीने सांगितला तेव्हा हृद्य वाटला. मुलाने स्वतः सांगितला की त्यात किंचित प्रदर्शन येते. रागाच्या वाक्याविषयी मात्र माझे मत उलट आहे. संपूर्ण परिच्छेदात मला विश्वासार्ह वाटलेले वाक्य तेच आहे, कारण त्यात गैरसोयीची गोष्टही आहे. ‘दुसऱ्या दिवशी मीच विषय काढतो’ हे शब्द असल्यामुळे तो अबोला ठरत नाही. ते गाळले असते तर ठरला असता. शिवाय भेटल्यावर विचारायला त्यातून काहीतरी मिळते. ‘मी समंजस आहे’ या वाक्यावर मी कोणता प्रश्न विचारणार?

शब्दवेल्हाळ

माझी यादी सरसकट वापरण्याजोगी नव्हती, हे कानामात्रांच्या विवेचनावरून लक्षात येते. तरीही एकही विशेषण नको, हा आग्रह मला टोकाचा वाटतो. बहुतेक ठिकाणी स्थळांच्या यादीत परिच्छेदाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि चाळणारी मंडळी तेवढ्यावरून पुढे वाचायचे की नाही ते ठरवतात. तिथे एक नेमके विशेषण असले, तर चाळणाऱ्याला धरायला काहीतरी मिळते. ‘संयमी’ हा शब्द या मुलाच्या बाबतीत खरा आहे, मग तो का सोडायचा?

कानामात्रा

एक विशेषण ठेवायला माझी हरकत नाही. माझा विरोध तीन विशेषणांच्या माळेला आहे, कारण ‘अमुक, तमुक आणि अमुक स्वभावाचा’ ही रचना दिसली की डोळा पुढच्या ओळीवर जातो. ‘संयमी’ मात्र मी इथे घेणार नाही, कारण पुढचे वाक्य तेच अधिक चांगले सांगते आणि आधी निष्कर्ष, मग पुरावा अशी मांडणी युक्तिवादासारखी वाटते. ‘कमी बोलणारा’ हेच विशेषणाचे काम करते. थेंबांच्या बाबतीत मुक्ता आणि तिरकस यांचे बरोबर आहे. शस्त्रक्रियेचा प्रसंग काढून त्यामागची सवय तेवढी ठेवता येईल, उदाहरणार्थ औषधांच्या वेळा लक्षात ठेवणे. सवय ही प्रसंगापेक्षा कमी आवाजात बोलते, शिवाय वडिलांच्या आजारपणाचा तपशील अनोळखी लोकांपर्यंत जात नाही.

अनुजाताई, आता हा मसुदा भावाच्या हाती द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल किंवा ‘मी असे कधी म्हणत नाही’ म्हणेल, तो शब्द बदला. दुसरी कसोटी अशी की तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या एखाद्या सरळमार्गी मुलाचे नाव मनात धरून प्रत्येक वाक्य वाचा. जे वाक्य त्यालाही तंतोतंत लागू पडते ते काढले तरी काही बिघडत नाही. पहिल्या मसुद्यातील पाचही वाक्ये या कसोटीवर गळतात.

अनुजा_लिहिते

भावाला वाचायला दिले. ‘समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतो’ हे त्याने स्वतःच खोडले, कारण ते कोणीही लिहील असे त्याचे म्हणणे पडले. औषधांच्या वाक्याला त्याने जी पुस्ती जोडली ती मला सुचलीच नसती. मुक्ता यांच्या सूचनेनुसार अपेक्षेचे वाक्यही बदलले आहे. आताचा मसुदा असा आहे :

‘मी मुळात कमी बोलणारा आहे. मतभेद झाला तर त्याच क्षणी उत्तर देण्यापेक्षा थोडा वेळ घेतो. विषय मात्र सोडून देत नाही, दुसऱ्या दिवशी मीच काढतो. घरातल्यांच्या औषधांच्या वेळा सहसा माझ्या लक्षात असतात, वाढदिवस मात्र नसतात. भाच्याचे गणित अडले की मला फोन येतो, आणि त्या फोनवर मी एरवीपेक्षा बरेच जास्त बोलतो. जोडीदाराने न पटलेली गोष्ट मोकळेपणाने सांगावी आणि माझे उत्तर यायला थोडा वेळ लागला तर तो द्यावा, एवढी अपेक्षा आहे.’

तिरकस

वाढदिवसांचे वाक्य जमले आहे, हे मला मान्य करावे लागेल. मात्र ते भावाने स्वतः लिहिले, यावर विचार करा. पूर्ण परिच्छेद त्यानेच लिहायला हवा होता, असे माझे मत अजूनही कायम आहे.

अनुजा_लिहिते

तो स्वतः लिहायला बसला असता, तर ‘मी बरा आहे’ एवढेच लिहून उठला असता. पण तुमचा मुद्दा मी त्याच्यापुढे ठेवते.

मुक्ता_क

मला हा परिच्छेद आवडला. एक प्रश्न मात्र उरतोच : लग्नानंतर एकत्र राहायचे आहे की वेगळे, हे यात कुठेच नाही. ‘कुटुंबवत्सल’ काढल्यामुळे संशय गेला, पण माहिती आली नाही. आई-वडील सोबत राहतात का आणि पुढे काय ठरले आहे, हे एका सरळ वाक्यात लिहिले तर स्वभावाच्या वर्णनातून ते ओळखत बसण्याची वेळ येणार नाही.

कानामात्रा

ते सांगायला हवे, पण या परिच्छेदात नको. त्यासाठी कौटुंबिक माहितीचा वेगळा रकाना असतो. स्वभावाच्या मधोमध राहण्याच्या व्यवस्थेचे वाक्य आले, की बाकीची वाक्येही अटींसारखी वाचली जातात.

मुक्ता_क

तो रकाना बहुतेक जण ‘आई, वडील, एक बहीण विवाहित’ एवढ्यावर संपवतात, म्हणून म्हटले. तिथे पूर्ण वाक्य लिहिणार असाल, तर माझी हरकत नाही.

अनुजा_लिहिते

आई-वडील त्याच्यासोबतच राहतात आणि पुढचे त्याने अजून ठरवलेले नाही. ‘अजून ठरलेले नाही, बोलून ठरवता येईल’ असे त्या रकान्यात लिहिले तर ते टाळाटाळ केल्यासारखे वाटेल का, हे आज रात्री त्यालाच विचारते आणि मग परिचयपत्र पुढे पाठवते.